बिरडं नंतर, आधी लाह्या: किमोच्या दिवसांत ताटात काय वाढायचं

पहिल्या किमोच्या दिवशी सकाळी मी वाल सोलत बसले होते. सासूबाईंना बिरडं म्हणजे जीव की प्राण. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेकाचं साल काढायचं, तासभराचं काम. म्हटलं, दमून येतील, आवडीचं काहीतरी पोटात जाऊ दे. दुपारी डे-केअरमधून घरी आल्या, चार घास चवीने खाल्ले आणि रात्री नऊला पहिली उलटी झाली. त्याला आता वर्ष होत आलं. आजही शेजारच्या घरात वाल शिजायला लागले की त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहतात.

ही चूक पुष्कळ घरांत पहिल्याच दिवशी होते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. एखादी चव घेतल्यावर काही तासांत पोट ढवळलं, तर मेंदू दोष त्या चवीला देतो. उलटी सलाईनमधल्या औषधाने झाली हे माणसाला कळतं, त्याच्या जिभेला कळत नाही. आयलीन बर्नस्टाईन या अमेरिकन संशोधिकेने १९७८ मध्ये हे किमो घेणाऱ्या लहान मुलांमध्ये दाखवून दिलं होतं. मुलांना औषधाच्या आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे पुन्हा तेच समोर ठेवल्यावर त्यातल्या बऱ्याच मुलांनी ते नाकारलं. आपल्याकडे आइस्क्रीमच्या जागी बिरडं असतं, पुरणपोळी असते, नाहीतर बांगड्याचं कालवण.

म्हणून पहिला नियम असा: किमोच्या दिवशी आणि पुढचे चार दिवस आवडीचं काहीही रांधायचं नाही. जे पुढे कायमचं नकोसं झालं तरी वाईट वाटणार नाही, तेच द्यायचं. त्याच संशोधिकेने पुढे आणखी एक युक्ती तपासली. जेवण आणि औषध यांच्या मधे मुलांना वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली. दोष त्या गोळीवर गेला आणि जेवण बऱ्याच अंशी वाचलं. बळीचा बकराच म्हणा. दुसऱ्या किमोपासून मी सासूबाईंना सलाईन लागायच्या आधी पेपरमिंटची गोळी देऊ लागले. ती त्यांना आधीही आवडत नव्हती, आता नावही काढू देत नाहीत. माझी काही तक्रार नाही.

आधी कॅलेंडर, मग स्वयंपाक

सासूबाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी दर २१ दिवसांनी जे औषध दिलं जायचं, त्यात वॉर्डात सगळे ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन होतं. स्वयंपाकघराच्या दृष्टीने त्या २१ दिवसांचे तीन तुकडे पडतात. पहिले चार-पाच दिवस मळमळीचे. सातव्या-आठव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी खाली असतात; तेव्हा मळमळ ओसरलेली असते, पण तोंडाला चव नसते आणि कधीकधी तोंड येतं. शेवटचा आठवडा बरा, भूक थोडीफार परत येते. गेलेलं वजन भरून काढायचं ते या आठवड्यात.

औषध बदललं की हे वेळापत्रकही बदलतं. दर आठवड्याला मिळणारी औषधं असतात, गोळ्यांची किमो असते. त्यामुळे पहिल्या खेपेला वहीत रोज दोन ओळी लिहा: किती वाजता मळमळलं आणि काय पोटात राहिलं. दुसऱ्या खेपेला ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येते.

एक फसवा दिवस आधीच सांगून ठेवते. किमोबरोबर बहुतेकदा डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने उलटी थांबते आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी खोटी भूकही लागते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः मागून पोहे खाल्ले आणि आम्ही सगळे खूश झालो. स्टेरॉइड संपल्यावर चौथ्या दिवशी मात्र त्या पाण्यालाही नको म्हणत होत्या. “काल तर खाल्लंत ना आई!” हे वाक्य तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं आणि त्या प्रत्येकावर चिडल्या. त्यांचं बरोबर होतं. मधुमेह असेल तर याच गोळ्यांनी साखर वर जाते. त्या दिवसांत ती किती वेळा मोजायची हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

गोळी आधी, घास नंतर

अन्नाच्या निवडीपेक्षा उलटीच्या गोळीची वेळ जास्त महत्त्वाची, हे मला उशिरा कळलं. गोळी घासाच्या अर्धा तास आधी पोटात गेलेली हवी. “मळमळ नाहीये, मग कशाला घेऊ,” असं रोगी म्हणतो आणि ती चुकवतो. पण किमोची मळमळ अनेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उसळते, आणि एकदा उसळली की गोळीला आवरत नाही. चिठ्ठीवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस घड्याळ लावून द्या. तरीही उलट्या होत असतील तर पुढच्या किमोआधी तसं सांगा. औषध बदलता येतं, वाढवता येतं.

या गोळ्यांचा एक त्रास कुणी आपणहून सांगत नाही. ओन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं. चार दिवस पोट साफ नाही, म्हणून भूक नाही, म्हणून मळमळ, आणि घरच्यांना वाटतं हे सगळं किमोचंच. सासूबाईंची तिसऱ्या दिवसानंतरची निम्मी मळमळ ही होती. डॉक्टरांनी सौम्य रेचक सुरू केल्यावर पुढच्या खेपेला भात एक दिवस आधीच पोटात राहायला लागला.

फोडणी बंद

मळमळणाऱ्या माणसाला आधी त्रास होतो तो वासाचा, आणि मराठी स्वयंपाकात सगळ्यात चढा वास फोडणीचा. तेल तापलं, मोहरी तडतडली, वर हिंग आणि कढीपत्ता पडला की तो वास घरभर जातो आणि पडद्यांत बसतो. पहिले पाच दिवस घरात फोडणी देऊ नका. बाकीच्यांच्या भाजीला द्यायचीच असेल तर रोगी आंघोळीला गेल्यावर, दार लोटून आणि खिडकी उघडून द्या. कुकरच्या वाफेचाही तोच प्रकार: झाकण दुसऱ्या खोलीत उघडायचं. उकडलेलं अंडं, कोबी, फ्लॉवर, मासे या दिवसांत नाहीत.

गरम अन्नाला वास जास्त, निवालेल्याला कमी. आपल्याला गरमागरम वाढायची सवय, आणि त्यातच प्रेम दिसतं असं वाटतं. इथे उलटं करायचं. मऊ भात ताटलीत पसरून कोमट होऊ द्या, मग समोर न्या. बराच वेळ मात्र बाहेर ठेवू नका; शिजलेला भात तासन्‌तास तसाच राहिला की त्यात जंतू वाढतात. थंड ताक, थंडगार कलिंगडाची फोड, बर्फाचा खडा हेही अनेकांना बरं वाटतं. याला एक ठळक अपवाद आहे. ऑक्सालिप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल, जे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा देतात, तर काही दिवस थंड काहीही चालत नाही. थंड पाण्याच्या घोटानेसुद्धा घशात मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. आपल्या चिठ्ठीवर ते नाव आहे का, हे आधी बघून घ्या.

पहिल्या चार दिवसांचं ताट

ताट म्हणू नका, वाटी म्हणा. तीसुद्धा आमटीची नाही, लोणच्याची. भरलेलं ताट बघूनच अन्नावरची वासना उडते. दर दोन तासांनी पाच-सहा चमचे, दिवसात सात-आठ वेळा. पाणी जेवणाबरोबर न देता मधल्या वेळात घोट घोट द्या, नाहीतर पोट पाण्यानेच भरतं.

आमचा दुसऱ्या किमोचा तिसरा दिवस वहीत असा आहे. सकाळी साडेसहाला घोटभर पाण्याबरोबर गोळी. सातला, अंथरुणावरच टेकून बसवून, मूठभर ज्वारीच्या लाह्या, नुसत्या, किंचित मीठ लावून. रिकाम्या पोटी एकदम उठलं की उमासे येतात. कोरडं काही खाल्लं की पोट बसतं. नऊला अर्धी वाटी तांदळाची पेज. अकराला लिंबाचं सरबत, साखर बेताची, मीठ जरा पुढे. एकला मेतकूट-भात सहा चमचे, वर अर्धा चमचा तूप. तीनला आल्याचे दोन बारीक काप, लिंबू-मीठ लावलेले, आणि पाव पेला शहाळं. पाचला अर्धा खाकरा. सातला पुन्हा मऊ भात, या खेपेला मूगडाळ घालून. दोन चमचे खाऊन “पुरे गं” म्हणाल्या, वाटी उचलली. नऊला अर्धा पेला ताक.

पेज करताना एक वाटी तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी घ्या; तांदूळ फुटून पाणी दाटसर होईपर्यंत शिजवा, मीठ घाला आणि कोमट करून द्या. कोकणात उकड्या तांदळाची करतात. तिला जवळजवळ वास नसतो आणि पाण्याबरोबर थोडं मीठही पोटात जातं. मूगडाळ घातलेल्या भातात हळद चिमूटभर चालेल, हिंग-जिरं नको. मेतकूट भाजलेल्या डाळींचं असल्यामुळे फोडणीशिवाय चव येते आणि थोडी प्रथिनंही मिळतात. तुमच्या रोग्याला त्याचा वास खटकला तर सोडून द्या, त्यावर वाद घालू नका.

या चार दिवसांत पौष्टिकपणाचा हिशेब करू नका. पाणी आणि मीठ पोटात राहिलं, लघवी फिकट पिवळी झाली, की दिवस पार पडला समजा. उलट्या होत असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दिवसभर चमच्या-चमच्याने द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टरच ठरवतील.

चव गेली म्हणजे नेमकी काय झाली

“तोंडाला चव नाही” या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या तक्रारी असतात, आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय आहे. मी तीन वाट्यांत तोच मऊ भात घेतला. एकात जरा जास्त मीठ, दुसऱ्यात लिंबू, तिसऱ्यात दूध-साखर. आईंना डोळे मिटून एकेक चमचा चाखायला लावला. साखरेचा घास त्यांनी थुंकला (“पाकात बुडवलायस का?”), खारट बरा म्हणाल्या आणि लिंबाचा दुसरा चमचा मागितला. दहा मिनिटांत निकाल लागला: या खेपेला खीर-शिरा बंद, कोकम सार, सोलकढी, आवळा, ताक सुरू. ही परीक्षा दर खेपेला नव्याने घ्यावी लागते, कारण जीभ तेच उत्तर पुन्हा देईलच असं नाही.

लोखंड चाटल्यासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा आणि पेला बाजूला ठेवा. लाकडी चमचा, काचेची वाटी घ्या. डाळ आणि मटण-चिकन अशा वेळी कडू लागतात, पनीर-दही बहुतेकदा चालतं. सगळंच मातीसारखं लागत असेल तर आंबट आणि खारट थोडं वाढवा. सगळंच अति गोड वाटत असेल तर दुधाऐवजी ताक आणि सरबतात साखरेऐवजी मीठ. कुठलीही तक्रार असो, घासाच्या आधी चूळ हवी: एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. दात घासायला मऊ ब्रश.

तोंड आलं, की वरचं सगळं उलटं होतं. जिभेवर किंवा गालाच्या आत लालसर चट्टे, फोड दिसले की लिंबू, कोकम, मिरची, लाह्या, खाकरा, टोस्ट सगळं बंद. तेव्हा नाचणीचं सत्त्व, साबुदाण्याची पेज, गार दूध, कुस्करलेलं केळं, सायीचं दही भातात कालवून. माझी इथे एकदा फजिती झाली. लिंबू आवडतंय म्हणून नवव्या दिवशीही सरबत देत राहिले, आणि त्या नुसत्या मान हलवून नको म्हणत होत्या. तोंड उघडायला सांगून टॉर्च मारला तेव्हा आतला फोड दिसला. म्हणून सहाव्या दिवसापासून रोज सकाळी टॉर्च.

बऱ्या आठवड्यात भरपाई

पंधराव्या दिवसानंतर भूक थोडी उघडते, पण वाटी लहानच असते. मग त्याच वाटीत जास्त काही मावेल असं बघायचं. सासूबाईंचं वजन ५८ किलो. आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं, दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं जाऊ द्या. नेहमीच्या वरण-भात-पोळीत, तेही निम्मं खाऊन, याच्या जवळपासही पोचता येत नव्हतं.

मग असं जमवलं. सकाळच्या दुधाच्या पेल्यात दोन मोठे चमचे दूध पावडर, म्हणजे साधारण १३ ग्रॅम. दोन अंडी, पूर्ण शिजवलेली, १२ ग्रॅम. दुपारी वरण पातळ न करता घट्ट, एक वाटी, सातेक ग्रॅम. पोळीच्या कणकेत ५० ग्रॅम पनीर किसून मळलेलं, ९ ग्रॅम. त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. दह्याची वाटी पाच, कोशिंबिरीऐवजी शिजवलेल्या दुधीवर दोन चमचे दाण्याचं कूट पाच, आणि झोपताना दुधातलं नाचणी सत्त्व आठ. बेरीज ५९. तूप, लोणी, नारळाचं दूध यांनी उष्मांक वाढतात, वाटीचा आकार वाढत नाही. जुलाब होत असतील तेव्हा मात्र दूध आणि तूप दोन्ही मागे घ्या आणि ताक-भातावर या.

याच आठवड्यात आवडीचे पदार्थ करा, तेही पुढच्या किमोच्या दोन-तीन दिवस आधी थांबवून. घासाघासाला “अजून एक” म्हणू नका. मी म्हणायचे. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “अगं, तू वाटी घेऊन आलीस की मला तुझीच भीती वाटते.” तेव्हापासून वाटी टेबलावर झाकून ठेवायची आणि मी खोलीतून बाहेर जायची. जास्त खाल्लं गेलं.

फळं, ज्यूस आणि पाहुण्यांचे सल्ले

पांढऱ्या पेशी खाली असलेल्या आठवड्यात चवीपेक्षा स्वच्छता वरचढ. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, गाड्यावरची कापलेली फळं, अर्धकच्चं अंडं नाही. फळ साल काढता येईल असंच: केळं, संत्रं, पपई, तेही घरी धुऊन आणि कापून. पाणी उकळलेलं. घरी विरजलेलं दही चालेल का, यावर रुग्णालयागणिक मत वेगळं असतं; तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि तेच धरून चाला.

भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगतो. गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा, “साखर बंद करा, गाठीला साखरच लागते.” कच्चा रस या आठवड्यात जंतूंमुळे नको. गुळवेलीने काहींच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि किमोचा भार आधीच यकृतावर असतो; कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता नको. साखरेचं म्हणाल, तर साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही, रोगी राहतो. मधुमेह नसेल तर सरबतातली दोन चमचे साखर खुशाल घाला.

घरगुती उपाय कुठे संपतात

थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस झाला की पेज करत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करून निघा, आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका, कारण ताप उतरतो, संसर्ग आत तसाच राहतो. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी अगदी थोडी आणि गडद होत असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, नेहमीपेक्षा चारपेक्षा जास्त वेळा जुलाब झाले असतील, उलटीत रक्त दिसलं किंवा गिळताच येत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर, सकाळी, नाश्त्याआधी. महिन्यात पाच टक्के घटलं, म्हणजे ५८ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आहारतज्ज्ञांची वेळ घ्या. पायावर सूज असेल तर काटा खोटं बोलतो. तेव्हा बांगडी मनगटावर किती सैल झाली ते बघा. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला काटा अर्धाच किलो खाली दाखवत होता आणि हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आम्ही डॉक्टरांना आधी बांगड्या दाखवल्या.